साडेनऊ वर्षांची रेघ : शिवडीच्या गिरणी कामगाराचं पेन्शन कोणत्या तारखेला पक्कं झालं?



गिरणी संपाचा इतिहास सांगताना आपण बहुतेक वेळा सभा, मोर्चे, नेते आणि शेवटी गिरण्यांच्या जमिनी यांच्याबद्दल बोलतो. आज आम्ही त्याच इतिहासाची एक वेगळी बाजू तुमच्यासमोर मांडणार आहोत, आणि ती आहे हिशेबाची. प्रश्न असा आहे. पेन्शनला दहा वर्षांची नोकरी लागते हे सगळ्यांना माहीत असतं. पण त्या नोकरीत बिनपगारी काळ असेल, तो वजा करायचा असेल, तर दहा वर्षं नेमकी कोणत्या तारखेला भरतात? ही तारीख काढायची कशी, ती कुठे चुकते, आणि शिवडीसारख्या वस्तीत तिच्यावर काय काय अवलंबून होतं, एवढंच आज बघू.

शिवडी डोळ्यांसमोर आणा. पूर्वेला बंदराची हद्द आणि खाडी, मध्ये हार्बरची लाइन, जवळच कॉटन ग्रीनची कापसाची गोदामं, क्षयरोगाचं रुग्णालय, आणि टोकरशी जीवराज रोडवरची स्वान मिल. इथून परळ, लालबाग, काळाचौकीपर्यंत गिरण्यांची रांगच होती. चाळींतून राहणारे बरेचसे लोक कोकणातले आणि घाटावरचे. त्यांच्या नोकरीचा हिशेब दोन ठिकाणी लिहिला जाई. एक गिरणीच्या मस्टरवर आणि दुसरा फंडात. आपला सगळा विषय या दोन हिशेबांतल्या फरकाचा आहे.

आधी फंडाचा इतिहास थोडक्यात सांगतो, कारण त्याशिवाय पुढचं कळणार नाही.

भविष्य निर्वाह निधीचा कायदा 1952 चा. तो ज्या पहिल्या सहा उद्योगांना लागू झाला त्यांत कापड उद्योग होता. म्हणजे गिरणी कामगाराला फंड होता, पण तो एकरकमी. काम सोडलं की आपले आणि मालकाचे मिळून साठलेले पैसे घ्यायचे आणि गावी जायचं. महिन्याचं पेन्शन त्यात नव्हतं. 1 मार्च 1971 पासून कुटुंब निवृत्तिवेतन योजना आली. कामगाराच्या आणि मालकाच्या फंडाच्या वर्गणीतून पगाराचे एक पूर्णांक एक षष्ठांश टक्के प्रत्येकी बाजूला काढायचे, आणि तेवढेच केंद्र सरकारने घालायचे. मात्र या योजनेतही कामगाराला स्वतःला पेन्शन नव्हतं. तो नोकरीत असताना वारला तर बायकोमुलांना दरमहा काही मिळावं, यासाठी ती होती. काम सोडणाऱ्याला थोडी एकरकमी रक्कम मिळे.

मग 16 नोव्हेंबर 1995 ला कर्मचारी निवृत्तिवेतन योजना सुरू झाली. आपण जिला आज ईपीएस म्हणतो ती हीच. तिने पहिल्यांदा कामगाराला स्वतःला, वयाच्या 58 व्या वर्षापासून, दरमहा पेन्शन देऊ केलं. अट एक, दहा वर्षांची पात्र सेवा. जुन्या योजनेत जे आधीपासून सभासद होते त्यांची 15 नोव्हेंबर 1995 पर्यंतची नोकरी ‘मागील सेवा’ म्हणून धरायची ठरली. पण तिथे एक शर्त होती. मागील सेवेतल्या ज्या काळाची वर्गणी आलेली नाही, तो काळ धरायचा नाही. वर्गणी पगारावर कापली जाते. पगार नाही तर वर्गणी नाही, आणि वर्गणी नाही तर सेवा नाही.

आता 18 जानेवारी 1982 ही तारीख आठवा. डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली मुंबईतल्या गिरण्यांचा संप सुरू झाला. अडीच लाखांच्या घरात कामगार होते. तो संप औपचारिकरीत्या मागे घेतलाच गेला नाही. लोक हळूहळू, आपापल्या अडचणीनुसार, वेगवेगळ्या तारखांना कामावर परतले. कोणी वर्षाने, कोणी दीड-दोन वर्षांनी. काहींना परत घेतलंच गेलं नाही. संपात पगार बुडतो हे प्रत्येकाला माहीत होतं आणि ती किंमत मोजायची त्यांची तयारी होती. पण हेच दिवस तेरा वर्षांनी आणखी एकदा वजा होतील, हे त्या दिवशी गेटवर उभ्या असलेल्या कोणालाही माहीत असणं शक्य नव्हतं. दहा वर्षांची अटच तेव्हा जन्माला आली नव्हती. कामगार कोणत्या तारखेला परत आत गेला, या गोष्टीला 1983 मध्ये एक अर्थ होता, 1995 नंतर दुसराच अर्थ आला. आमच्या मते या हिशेबाचा खरा इतिहास हाच आहे.

आता प्रत्यक्ष हिशेब करू. उदाहरणातला माणूस आम्ही बनवलेला आहे. तारखा आमच्या आहेत, नियम खरे आहेत. गिरणीचं नाव मुद्दाम घेत नाही.

हा साचेखात्यातला विणकर. शिवडीच्या चाळीत राहतो. गिरणीत आधी बदली म्हणून लागला. बदलीवाल्याने रोज पाळीच्या वेळी गेटवर जायचं, कोणाचा खाडा असेल तर त्याच्या जागी काम मिळायचं. काही काळ असा गेल्यावर 1 डिसेंबर 1981 ला तो फंडाचा सभासद झाला. इथे पहिली चूक होते. त्या काळात फंडात येण्याआधी ठराविक नोकरी भरावी लागे. पहिल्या दिवसापासून सभासदत्व ही गोष्ट 1 नोव्हेंबर 1990 पासूनची. त्यामुळे गिरणीत लागल्याची तारीख आणि फंडाची तारीख वेगवेगळी असते. घरातले लोक “बाबा ऐंशी साली लागले” असं सांगतात आणि तिथून मोजतात. पेन्शनचं मोजमाप फंडाच्या तारखेपासून सुरू होतं.

सभासद होऊन 48 दिवस झाले आणि संप सुरू झाला. आमचा विणकर 1 नोव्हेंबर 1983 ला परत कामावर गेला. म्हणजे 18 जानेवारी 1982 ते 31 ऑक्टोबर 1983 हा काळ बिनपगारी. दिवस मोजले तर 1982 चे 348 आणि 1983 चे 304, मिळून 652.

पुढे गिरणी दोन वर्षं बंद पडली, 1 फेब्रुवारी 1988 ते 31 जानेवारी 1990. 1988 हे लीप वर्ष, म्हणून हे 731 दिवस.

शिवाय गावच्या रजा. कारखाना कायद्याने आदल्या वर्षी 240 दिवस भरले असतील तर दर वीस दिवसांच्या कामामागे एक दिवस पगारी रजा मिळे. 300 दिवस भरलेल्याला 15 दिवस. पण कोकणात घर शाकारायचं, पेरणी बघायची, कोणाचं लग्न उरकायचं, तर पंधरा दिवसांत काय होणार? वरचे दिवस बिनपगारी. या माणसाने 1985 मध्ये असे 30 दिवस आणि 1987 मध्ये 27 दिवस घेतले. पगारी रजेचे दिवस वजा करायचे नाहीत, कारण त्यांचा पगार मिळाला आणि त्यावर वर्गणी गेली. फक्त हे 57 दिवस वजा.

शेवटी गिरणी कायमची थंडावली आणि 30 नोव्हेंबर 1995 हा त्याच्या नोकरीचा शेवटचा दिवस ठरला.

गेटच्या हिशेबाने बघा, 1 डिसेंबर 1981 ते 30 नोव्हेंबर 1995, बरोबर चौदा वर्षं. गिरणी सोडताना जो शेवटचा हिशेब मिळतो त्याच्या कागदावर ग्रॅच्युइटीसाठी धरलेली वर्षं लिहिलेली असतात. ग्रॅच्युइटीचा कायदा वेगळा होता. त्यात कामगाराचा दोष नसताना काम बंद पडलं तर सेवा तुटत नसे. म्हणून तो आकडा मोठा असतो. तोच आकडा पेन्शनला धरायचा, ही दुसरी चूक. दहा लागतात आणि चौदा आहेत, मग काळजी कशाची, असं वाटतं. पण पेन्शनच्या दृष्टीने ती चौदा वर्षं भरलेली नाहीत.

तारीख काढायची रीत अशी. आधी बिनपगारी काळ नाहीच असं समजून दहा वर्षं पुढे जायचं. 1 डिसेंबर 1981 पासून दहा वर्षं म्हणजे 30 नोव्हेंबर 1991. या तारखेपर्यंत जेवढे बिनपगारी दिवस पडले त्यांची बेरीज करायची. 652, 731 आणि 57, एकूण 1440. मग तेवढे दिवस तारीख पुढे ढकलायची. 30 नोव्हेंबर 1991 पासून चार वर्षं म्हणजे 1461 दिवस, त्यात 1992 चा एक जादा दिवस आला. आपल्याला त्याहून 21 कमी हवेत. म्हणून तारीख आली 9 नोव्हेंबर 1995.

त्याची नोकरी 30 नोव्हेंबरला संपली. म्हणजे तीन आठवडे राखून दहा वर्षं भरली, असं दिसतं. इथेच बहुतेक जण थांबतात, आणि इथेच तिसरी चूक होते.

आपण तारीख चार वर्षं पुढे ढकलली. त्या पुढे ढकललेल्या चार वर्षांत आणखी बिनपगारी दिवस आहेत का, हे बघायला नको का? जे दिवस आपण भरपाई म्हणून धरतो आहोत ते तरी पगारी हवेत. इथे आमच्या विणकराच्या आयुष्यातली एक गोष्ट सापडते. 1992 मध्ये छातीच्या दुखण्याने तो 38 दिवस घरी होता. त्याला विचारलं तर तो म्हणेल, “ते दिवस बिनपगारी कसे? मला पैसे मिळाले होते.” मिळाले होते हे खरं. पण ते राज्य विमा योजनेचे, म्हणजे ईएसआयचे. आजारपणाचा तो रोख लाभ विम्याचा असतो, गिरणीचा पगार नसतो. त्यावर फंडाची वर्गणी कापली जात नाही. घरात पैसे आले आणि तरीही फंडाच्या दृष्टीने तो काळ कोराच राहिला.

म्हणून 9 नोव्हेंबरच्या पुढे आणखी 38 दिवस. उत्तर 17 डिसेंबर 1995. आता पुन्हा बघायचं, 9 नोव्हेंबर ते 17 डिसेंबर यांत काही नवीन खंड आहे का? आहे, आणि तो साधासुधा नाही. 30 नोव्हेंबरला नोकरीच संपली. म्हणजे पूर्ण दहा वर्षांना 17 दिवस कमी पडले.

साचे चालवून, दिवसरात्र पाळ्या करून चौदा वर्षं काढली, आणि सतरा दिवसांनी गेलं? सुदैवाने नाही. कारण योजनेत एक पूर्णांक करण्याचा नियम आहे. सहा महिने किंवा त्याहून जास्त अपूर्ण काळ असेल तर पूर्ण वर्ष धरायचं, त्याहून कमी असेल तर सोडून द्यायचा. त्यामुळे दहा वर्षांची अट व्यवहारात साडेनऊ वर्षांवर येते. साडेनऊची तारीख त्याच रीतीने काढू. 1 डिसेंबर 1981 पासून साडेनऊ वर्षं म्हणजे 31 मे 1991. तोपर्यंतचे खंड 1440 दिवस, म्हणून 10 मे 1995. मधल्या काळात 1992 चे 38 दिवस, ते धरून 17 जून 1995. नोकरी 30 नोव्हेंबरपर्यंत होती. म्हणजे 17 जून 1995 हा तो दिवस, ज्या दिवशी या माणसाच्या नोकरीने रेघ ओलांडली. त्या दिवशी त्याला स्वतःला अर्थातच काही कळलं नसणार. योजनाच अजून पाच महिने लांब होती.

15 नोव्हेंबर 1995 पर्यंतची त्याची मागील सेवा साधारण नऊ वर्षं अकरा महिन्यांची भरते. ती दहा धरली जाते. 16 ते 30 नोव्हेंबर हे नव्या योजनेतले पंधरा दिवस सोडून दिले तरी बिघडत नाही. इथे एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा. खंड आधी वजा करायचे आणि पूर्णांक शेवटी करायचा. काही जण संपाआधीचा तुकडा, संपानंतरचा तुकडा, टाळेबंदीनंतरचा तुकडा असे वेगवेगळे घेऊन प्रत्येकाला वर्षात बसवतात. त्याने कधी सहा महिने फुकट मिळतात, कधी पाच महिने फुकट जातात. दोन्ही उत्तरं चूकच.

आता या माणसाच्या शेजारच्या खोलीत जाऊ. तिथला माणूस त्याच खात्यात, त्याच दिवशी फंडात आलेला. त्याच्या रजा, गिरणीबंदी, आजारपण, सगळं सारखं धरू. फरक एकच. तो संपात आणखी सहा महिने टिकला आणि 1 मे 1984 ला कामावर परतला. नोव्हेंबर 1983 ते एप्रिल 1984 हे 182 दिवस त्याच्या खंडात जास्त. साडेनऊ वर्षांची त्याची तारीख 182 दिवस पुढे गेली, म्हणजे 16 डिसेंबर 1995 वर. गिरणी 30 नोव्हेंबरला संपली. सोळा दिवसांनी त्याची रेघ हुकली.

एकाला पेन्शन, दुसऱ्याला नाही. दोघांचे हातही तसेच आणि साचेही तसेच होते. कोण जास्त दिवस संपात राहिला यावर हा निकाल लागला, आणि तोही अशा कायद्याने जो संपाच्या वेळी अस्तित्वात नव्हता.

निकालात नेमकं काय होतं ते बघू, म्हणजे अतिशयोक्ती नको. रक्कम लहान होती. अकरा वर्षांपर्यंतच्या मागील सेवेसाठी मूळ आकडा होता दरमहा 80 रुपये, आणि पगार अडीच हजारांच्या वर असेल तर 85. 58 वर्षं पूर्ण व्हायला जितका काळ बाकी असेल त्या प्रमाणात त्याला एका गुणकाने गुणायचं. पुढे 1 सप्टेंबर 2014 पासून किमान पेन्शन दरमहा 1000 रुपये झालं. हजार रुपयांत आज मुंबईत काय होतं हे तुम्ही जाणता. पण पेन्शन म्हणजे फक्त त्याचे पैसे नव्हेत. नोकरीत असताना कामगार वारला तर त्याच्या पत्नीच्या पेन्शनला दहा वर्षांची अट नाही, एका महिन्याची वर्गणीही पुरते. मात्र काम सुटल्यानंतर, 58 व्हायच्या आत तो वारला, तर पत्नीचं पेन्शन त्याने रेघ ओलांडली होती की नाही यावर ठरतं. गिरण्या बंद झाल्यावर हा मधला काळ दहा-वीस वर्षांचा होता. पहिल्या खोलीतल्या बाईला त्या काळात आधार होता. दुसऱ्या खोलीतल्या बाईला नव्हता.

दुसऱ्या माणसापुढे दोन वाटा होत्या. एक, साठलेल्या वर्गणीच्या बदल्यात एकरकमी रक्कम घेऊन मोकळं व्हायचं. दुसरी, रक्कम न घेता योजना प्रमाणपत्र घ्यायचं. त्या प्रमाणपत्रावर झालेली सेवा लिहिलेली असते, आणि पुढे फंड लागू असलेल्या दुसऱ्या ठिकाणी नोकरी मिळाली तर ती तिथल्या सेवेत मिळवता येते. त्याला कमी काय होतं? पंधरवडा. कुठेही फंडाच्या नोकरीत महिनाभर लागला असता तरी काम झालं असतं. पण घरात चूल पेटायची होती, आणि पुढची कामं कसली मिळाली, तर हातगाडी, भाजीचा धंदा, फंड न कापणारी छोटी वर्कशॉपं, बिनकागदाची वॉचमनगिरी. रक्कम एकदा उचलली की तो सगळा काळ हिशेबातून पुसला जातो. संपानंतर ज्यांनी आपला फंड पूर्ण काढून घेतला आणि नंतर नव्याने गिरणीत लागले, त्यांचंही तेच झालं. 1971 पासूनची जुनी सेवा गेली आणि मोजणी नव्या तारखेपासून सुरू झाली. जुन्या कामगारांचे हिशेब तपासताना वर्षं अचानक कमी दिसली, तर आधी हेच विचारायचं की मध्ये फंड काढला होता का.

आता थोडं शिवडीच्या बाहेर बघू, म्हणजे हा नियम किती विशिष्ट आहे ते कळेल. केंद्र सरकारच्या नोकरांसाठी 1972 चे निवृत्तिवेतन नियम होते. तिथेही पेन्शनला दहाच वर्षं लागतात आणि तिथेही बिनपगारी रजा आहे, तिला असाधारण रजा म्हणतात. पण ती रजा वैद्यकीय दाखल्यावर घेतलेली असेल तर ती सेवेत धरली जाते. दाखल्याशिवायची असेल तर, काही अपवाद सोडून, धरली जात नाही. म्हणजे तिथे प्रश्न विचारला जातो, पगार का नव्हता? गिरणी कामगाराच्या योजनेत हा प्रश्नच नाही. तिथे फक्त विचारतात, वर्गणी आली का? क्षयरोगासाठी महिनोन्‌महिने अंथरुणावर पडलेला पोस्टमन आणि त्याच वॉर्डात शेजारच्या खाटेवरचा विणकर, दोघांची दुखणी सारखी, दोघांकडे डॉक्टरांचे दाखले. पोस्टमनचे ते महिने सेवेत आले, विणकराचे गेले. पूर्णांकाची रीतही निराळी. सरकारी नियमात तीन महिने किंवा जास्त झाले की अर्धं वर्ष धरतात, म्हणून तिथली रेघ पावणेदहा वर्षांवर पडते. एकाचा नियम दुसऱ्याला लावून कोणी तुम्हाला सल्ला दिला, तर तो चुकणारच.

यामागचं कारणही समजून घ्यायला हवं. सरकारी पेन्शन तिजोरीतून येतं, म्हणून सरकार स्वतःच्या नोकराचा आजार माफ करू शकतं. कामगारांची योजना वर्गणीतून उभ्या राहिलेल्या निधीवर चालते. तो निधी चालवणारा म्हणेल, ज्या काळाचे पैसेच आले नाहीत त्याचं पेन्शन कुठून देऊ? हा युक्तिवाद खोटा नाही. फक्त एवढंच की त्याचा भार नेमका त्यांच्यावर पडला ज्यांचे खंड सगळ्यात मोठे होते, म्हणजे आजारी, बदली, आणि शेवटपर्यंत संपात राहिलेले.

शेवटी कागदांबद्दल. ज्यांच्या घरात असे हिशेब अजून अडकलेत त्यांनी काय बघावं? गिरणी दरवर्षी फंडाच्या कार्यालयाला प्रत्येक कामगाराचा एक तक्ता देई, नमुना 3-अ. त्यात महिन्यावार पगार, वर्गणी आणि एक रकाना, वर्गणी नसलेला काळ किती. आज संगणकावर मालक जे महिन्याचं विवरण भरतो त्यात तोच रकाना NCP Days या नावाने आहे. सगळा खेळ या रकान्याचा. त्यात दोन प्रकारची चूक सापडते. एक म्हणजे पगारी रजेचे किंवा कामाचे दिवस चुकून तिथे पडलेले. दुसरी जास्त गंभीर, पगार दिला, वर्गणी कापली, पण भरलीच नाही, आणि मग तो काळ बिनपगारी म्हणून दाखवला. हे दोन काळ कागदावर सारखे दिसतात, पण एक नाहीत. बिनपगारी काळाची वर्गणी कोणाचंच देणं नसतं. कापलेली वर्गणी मात्र मालकाचं देणं असतं आणि कायद्याने ती वसूल करता येते. फरक ओळखायचा तो पगाराच्या पावतीवरून. पावतीवर फंडाची कपात दिसत असेल तर तो महिना बिनपगारी नव्हता. म्हणून जुन्या ट्रंकेतल्या त्या पिवळ्या पगारपावत्या फेकू नका. मस्टर गिरणीबरोबर गेलं, पावती घरात राहिली.

आणि मोजताना क्रम तोच. फंडाची तारीख घ्या, गेटची नाही. साडेनऊ वर्षं पुढे जा. तोपर्यंतचे बिनवर्गणीचे दिवस, ईएसआयचे धरून, पुढे ढकला. ढकललेल्या काळात नवे खंड आहेत का ते बघा, असतील तर पुन्हा ढकला, आणि नवा खंड सापडेनासा झाला की थांबा. ती तारीख नोकरीच्या शेवटच्या दिवसाच्या आत असेल तर पेन्शन आहे.

आमच्या दोन विणकरांपैकी पहिल्याने हे कधी मोजलं नव्हतं, दुसऱ्यानेही नाही. 1983 च्या ऑक्टोबरअखेरीस, घरातलं धान्य संपलं म्हणून एक जण कामावर गेला. दुसरा गेला नाही. त्या रात्री चाळीत दोघांचं बोलणं झालं असेल, कदाचित अबोलाही धरला असेल. कोण बरोबर होता याचा निकाल आम्ही देणार नाही. बारा वर्षांनी नियमाने जो निकाल दिला तो त्या प्रश्नाचा नव्हताच. त्याने फक्त दिवस मोजले.

आज इथेच थांबू. प्रश्न असतील ते घेऊ.